अर्धवट पोचलेली ऑर्डर: हिशेबाच्या नोंदी पुन्हा पाठवताना काय सांभाळावे

देवगड, रत्नागिरी, वेंगुर्ले या भागांतले अनेक बागायतदार आता हापूस, काजूगर आणि कोकम आपल्या संकेतस्थळावरून थेट गिऱ्हाइकाला विकतात आणि हिशेब मात्र पूर्वीसारखाच टॅलीत ठेवतात. ऑर्डर येते ती कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर, आणि टॅली चालते ती पेढीतल्या टेबलावरच्या एका कॉम्प्युटरवर. या दोहोंना जोडणारा एक छोटा प्रोग्रॅम त्याच कॉम्प्युटरवर बसवलेला असतो. तो सर्व्हरकडून नवीन ऑर्डरी मागवतो आणि त्यांच्या नोंदी टॅलीत टाकतो. सगळे सुरळीत असताना हे काम इतके निमूट चालते की प्रोग्रॅम आहे हेही कोणाच्या लक्षात राहत नाही. प्रश्न येतो तो एखाद्या ऑर्डरीच्या काही नोंदी पोचल्या आणि काही राहिल्या, असे झाल्यावर. या लेखात फक्त त्या एका अवस्थेचा विचार केला आहे.

आधी हे पाहू की एका ऑर्डरीच्या नोंदी किती होतात. समजा, पुण्याच्या एका बाईंनी पाच डझन हापूस आणि एक किलो काजूगर मागवले. हापूसचा दर डझनाला १,२०० रुपये, म्हणजे ६,००० रुपये. ताज्या आंब्याला जीएसटी नाही. काजूगराची किंमत १,००० रुपये आणि त्यावर ५ टक्के दराने ५० रुपये जीएसटी. माल महाराष्ट्रातच जात असल्याने त्यातले २५ केंद्राचे आणि २५ राज्याचे. एकूण ७,०५० रुपये बाईंनी ऑर्डर देतानाच ऑनलाइन भरले. टॅलीत याची तीन कामे होतात: बाईंच्या नावाचे खाते उघडणे, त्या खात्यावर ७,०५० रुपयांचे विक्रीचे व्हाउचर करणे, आणि तेवढ्याच रकमेचे जमेचे व्हाउचर करणे. तिन्ही झाली की बाईंच्या खात्याची बाकी शून्य होते. (प्रत्येक किरकोळ गिऱ्हाइकाचे वेगळे खाते उघडावे की सगळ्यांचे मिळून एकच ठेवावे, यावर हिशेबनीसांत दोन पक्ष आहेत. एकच खाते ठेवले तर पुढे जिथे खात्याची बाकी पाहायला सांगितले आहे, तिथे बिलवार बाकी पाहावी.)

ही तीन कामे टॅलीच्या दृष्टीने तीन स्वतंत्र निरोप आहेत. टॅली त्या कॉम्प्युटरवर साधारणपणे `9000` या पोर्टवर ऐकत असते. आपला प्रोग्रॅम तिला एक्सएमएल पाठवतो आणि ती एक्सएमएलमध्येच उत्तर देते. तिन्ही नोंदी एकत्र होतील किंवा एकही होणार नाही, अशी हमी या व्यवस्थेत कोणीही देत नाही. एकाच डेटाबेसच्या आत तशी हमी मिळते, पण इथे ऑर्डर एका डेटाबेसात आहे आणि हिशेब दुसऱ्याच प्रणालीत आहे. त्यामुळे मध्येच तुटणे हा अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. ते होणारच असे धरून बांधणी करावी लागते.

आता तुटण्याचा एक प्रसंग बारकाईने पाहू. मे महिन्याचा मध्य, हंगाम भरात, संध्याकाळी वळवाचा पाऊस आणि वारा सुटलेला. बाईंची ऑर्डर येते. प्रोग्रॅम खाते उघडतो आणि टॅली ‘झाले’ असे उत्तर देते. प्रोग्रॅम विक्रीचे व्हाउचर पाठवतो, टॅली ते लिहून घेते, आणि तिचे उत्तर हाती येऊन कुठे नोंदवले जाण्याआधीच वीज जाते. यूपीएसची बॅटरी गेल्या पावसाळ्यातच दमलेली असल्याने कॉम्प्युटर तत्काळ बंद पडतो. तासाभराने वीज येते, कोणीतरी कॉम्प्युटर आणि टॅली चालू करते, प्रोग्रॅम जागा होतो. त्याच्या माहितीप्रमाणे ही ऑर्डर अजून पूर्ण झालेली नाही, आणि तेवढे बरोबरच आहे.

साध्या पद्धतीने लिहिलेला प्रोग्रॅम इथे ऑर्डर पहिल्यापासून पुन्हा पाठवतो. खाते त्याच नावाचे असल्याने दुसरे उघडत नाही, तिथे निभावते. विक्रीचे व्हाउचर मात्र दुसऱ्यांदा होते. मग जमेचे व्हाउचर एकदा होते आणि प्रोग्रॅम ऑर्डरीवर ‘पूर्ण’ असा शिक्का मारतो. आता टॅलीप्रमाणे बाईंना १४,१०० रुपयांचा माल विकला गेला, साठ्यातून दहा डझन आंबा उतरला, सरकारला ५० ऐवजी १०० रुपये जीएसटी देणे झाले आणि बाईंकडे ७,०५० रुपये येणे निघाले. पूर्ण पैसे आगाऊ भरलेल्या बाईंना हिशेबनिसाचा फोन जातो, “ताई, तुमचे ७,०५० रुपये बाकी दिसताहेत,” आणि पेढीची अब्रू जाते ती वेगळीच.

मूळ चूक इथे आहे की ‘उत्तर आले नाही’ याचा अर्थ ‘काम झाले नाही’ असा लावला गेला. रजिस्टर टपालाची पोचपावती वाटेत गहाळ झाली, एवढ्यावरून पत्र पोचलेच नाही असे कोणी म्हणत नाही. उत्तर न येण्याच्या पोटात दोन शक्यता असतात: निरोप पोचलाच नाही, किंवा निरोप पोचून काम झाले आणि केवळ उत्तर हरवले. पाठवणाऱ्याला या दोन्ही अगदी सारख्या दिसतात. म्हणून प्रत्येक पाठवणीचे निकाल दोन न धरता तीन धरावे लागतात: झाले, नाकारले, आणि ठाऊक नाही. पुन्हा पाठवण्याची सगळी व्यवस्था या तिसऱ्या निकालाला काय करायचे, याभोवती उभी राहते.

त्यासाठी ऑर्डरीवर एकच ‘पूर्ण / अपूर्ण’ खूण ठेवून चालत नाही. प्रत्येक कामाची वेगळी ओळ हवी. संकेतस्थळाच्या डेटाबेसात पुढीलसारखा एक तक्ता पुरतो.

```
create table sync_step (
  order_id   text,
  step       text,   -- ledger, sale, receipt
  ext_key    text,
  payload    text,
  state      text,   -- pending, sent, done, parked
  tries      int,
  next_at    timestamp,
  last_error text,
  primary key (order_id, step)
);
```

हा तक्ता म्हणजेच आपली रांग. `next_at` ची वेळ होऊन गेली आहे अशा ओळी उचलायच्या आणि पाठवायच्या, एवढेच रांगेचे काम आहे. पेढीचा व्याप दिवसाला काही शे ऑर्डरींचा असेल तर याहून मोठी यंत्रणा आणण्याची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तयार क्यू-सेवा चांगल्या असतात, पण त्यांचे स्वतःचे नियम समजून घ्यावे लागतात. उदाहरणार्थ अ‍ॅमेझॉनच्या एसक्यूएसमध्ये निरोप मुळात ४ दिवस आणि वाढवून जास्तीत जास्त १४ दिवस टिकतो, नंतर तो आपोआप पुसला जातो. हिशेबाची नोंद आपोआप पुसली जाणे कोणत्याच पेढीला परवडणारे नाही.

तक्त्याबाबत एक अट कडक पाळावी. ऑर्डर जिथे लिहिली जाते, त्याच डेटाबेस-व्यवहारात या तीन ओळीही लिहिल्या गेल्या पाहिजेत. ऑर्डर आधी जतन केली आणि रांगेतल्या ओळी मागाहून टाकल्या, तर मधल्या क्षणी सर्व्हर पडल्यास ऑर्डर राहते आणि रांगेत मात्र तिचा मागमूस नसतो. अशी ऑर्डर कुठेच ‘अडकलेली’ दिसत नाही, कारण ती रांगेत कधी शिरलेलीच नसते.

आता वीज गेलेल्या संध्याकाळकडे परत येऊ. प्रोग्रॅमने व्हाउचर पाठवण्याच्या आधी त्या ओळीची अवस्था `pending` वरून `sent` अशी करून ती जतन करायला हवी, आणि ‘झाले’ असे उत्तर हाती आल्यावरच `done`. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाठवून मग `sent` लिहिले, तर नेमक्या त्या दोहोंमध्ये वीज गेल्यावर ओळ `pending` च दिसेल आणि प्रोग्रॅम निःशंकपणे पुन्हा पाठवेल. आधी लिहिले असले, की कॉम्प्युटर पुन्हा चालू झाल्यावर `sent` मध्ये अडकलेली प्रत्येक ओळ ‘ठाऊक नाही’ या वर्गातली आहे, हे नक्की कळते. त्या ओळीसाठी पहिले पाऊल पाठवण्याचे नसून विचारण्याचे असते. टॅलीकडून त्या तारखेची विक्रीची व्हाउचरे मागवायची, त्यांत आपली खूण शोधायची, आणि सापडली व रक्कम जुळली तर काहीही न पाठवता ओळ `done` करायची. नाही सापडली तरच पाठवायची. आपल्या उदाहरणात व्हाउचर सापडते, प्रोग्रॅम फक्त जमेचे व्हाउचर पाठवतो, आणि बाईंची बाकी शून्यावर येते.

ही खूण म्हणजे तक्त्यातला `ext_key`. ती प्रत्येक कामासाठी एकदाच, ऑर्डर लिहितानाच ठरवायची आणि कितीही वेळा पाठवले तरी बदलायची नाही. प्रत्येक प्रयत्नाला नवीन खूण बनवणारे प्रोग्रॅम मी पाहिले आहेत. तसे केल्यावर खूण असून नसल्यासारखीच. टॅलीच्या व्हाउचरला `REMOTEID` या नावाने बाहेरची खूण देता येते, आणि तीच खूण घेऊन व्हाउचर पुन्हा आले तर टॅली दुसरे न बनवता आधीचेच बदलते. तेव्हा उत्तरात `CREATED` ऐवजी `ALTERED` समोर १ येतो. हे आपल्या आवृत्तीवर चाचणीच्या कंपनीत एकदा करून पाहावे आणि मगच त्यावर विसंबावे.

एवढी सोय असताना आधी विचारायचे कशाला, असे कोणी म्हणेल. कारण असे की आधीचे व्हाउचर ‘बदलणे’ हेही निरुपद्रवी नसते. मधल्या काळात हिशेबनिसाने ते व्हाउचर उघडून काही दुरुस्त केले असेल, समजा काजूगराचे विक्री खाते बदलले असेल, तर आपली दुसरी पाठवणी ती दुरुस्ती मुकाट्याने पुसून टाकते. हिशेबनीस दुरुस्ती करतो, रात्री ती नाहीशी होते, सकाळी तो पुन्हा करतो, आणि दोष कॉम्प्युटरच्या नशिबाला दिला जातो. म्हणून आधी विचारावे, आणि खूण ही दुसरी तटबंदी म्हणून ठेवावी.

बिलाच्या क्रमांकाचाही इथे संबंध येतो. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा क्रमांक सलग मालिकेतला, त्या आर्थिक वर्षात एकमेव आणि १६ अक्षरांपेक्षा मोठा नसलेला हवा. हा क्रमांक देण्याचे काम टॅलीकडे सोपवले तर चुकून झालेले दुसरे व्हाउचर पुढचा क्रमांक घेऊन बसते, आणि ते काढून टाकल्यावर मालिकेत खाडा पडतो. त्यापेक्षा ऑर्डर पक्की होताना संकेतस्थळानेच क्रमांक द्यावा, टॅलीत त्या व्हाउचर-प्रकाराची क्रमांक-पद्धत हाताने देण्याची ठेवावी आणि तोच क्रमांक पुन्हा येऊ न देण्याचा पर्याय चालू करावा. मग आपले सगळे चुकले तरी टॅली दुसरे व्हाउचर परत पाठवते. तो नकार आला की रक्कम ताडून पाहायची. जुळली तर ते काम आधीच झालेले आहे.

पुन्हा प्रयत्न किती वेळाने करायचा, याचे प्रचलित उत्तर असे की दर वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करावा: १ मिनिट, मग २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८. आठ प्रयत्नांनंतर ती ओळ बाजूला काढून माणसाच्या नजरेस आणावी. इंटरनेटवरच्या हिशेब-सेवेसाठी हे ठीक आहे. तिथे बिघाड बहुधा थोड्या वेळाचा असतो, आणि अनेक दुकानांचे प्रयत्न एकाच सेकंदाला आदळू नयेत म्हणून थांबण्याच्या काळात थोडा अनियमितपणाही घालतात. पेढीतल्या कॉम्प्युटरवर मात्र हे वेळापत्रक जसेच्या तसे लावले तर फसते. वरच्या आकड्यांची बेरीज २५५ मिनिटे, म्हणजे सव्वाचार तास. पेढीत प्रोग्रॅम चालू आहे, पण हिशेबनिसाने घरी जाताना टॅली बंद केली आहे, असे समजा. रात्री नऊला आलेल्या ऑर्डरीचे आठही प्रयत्न सव्वाएकपर्यंत संपतात आणि टॅली उघडणार सकाळी दहाला. हंगामात रात्रीच्या ऑर्डरीच जास्त असतात. सकाळी हिशेबनीस येतो तेव्हा मध्यरात्रीपूर्वी आलेली प्रत्येक ऑर्डर बाजूच्या यादीत पडलेली असते, आणि वास्तविक त्यांतल्या एकीतही काही दोष नसतो.

यावर आठाचे वीस प्रयत्न करणे हा उपाय नाही. हा बिघाड ऑर्डरीचा की रस्त्याचा, हे वेगळे काढणे हा उपाय आहे. `9000` वर कोणी ऐकतच नाही, जोडणीच होत नाही, असा निकाल आला तर तो कोणत्याही एका ऑर्डरीबद्दल काही सांगत नाही. तो सगळ्यांना सारखाच लागू असतो. अशा वेळी `tries` वाढवायचा नाही. सगळी रांगच थांबवायची, दर पाच मिनिटांनी टॅलीला एक साधी चौकशी पाठवून ती जागी आहे का एवढे पाहायचे, आणि जागी झाली की रांग पुढे सोडायची. टॅली उघडी आहे पण भलतीच कंपनी उघडी आहे, हाही प्रकार याच वर्गात बसतो; मार्चअखेरीला हिशेबनीस दुसऱ्या भागीदारीची कंपनी उघडून बसलेला असतो तेव्हा तो हमखास घडतो. म्हणून चौकशीत कंपनीचे नावही ताडून पाहावे.

उरला तिसरा प्रकार, म्हणजे टॅलीने निरोप घेतला, वाचला आणि नाकारला. इथे नवशिक्याला एक गोष्ट हमखास फसवते. टॅली नकार देते तेव्हाही एचटीटीपीचा सांकेतिक क्रमांक २०० हाच असतो, ज्याचा अर्थ एरवी ‘सर्व ठीक’ असा घेतला जातो. खरा निकाल आतल्या मजकुरात असतो.

```
<RESPONSE>
 <LINEERROR>Stock Item 'Hapus 5 Dozen' does not exist!</LINEERROR>
 <CREATED>0</CREATED>
 <ALTERED>0</ALTERED>
 <ERRORS>1</ERRORS>
</RESPONSE>
```

क्रमांक पाहून `done` लिहिणारा प्रोग्रॅम महिनोन्‌महिने ‘सगळे पोचले’ असे सांगत राहतो आणि टॅलीत विक्री कमी दिसत राहते. `ERRORS` शून्य आहे एवढेही पुरेसे मानू नये. `CREATED` आणि `ALTERED` यांची बेरीज नेमकी १ आहे का, हे पाहावे. आपण एक व्हाउचर पाठवले असेल तर एकच झाले पाहिजे.

वरचा नकार का आला? बहुतेक वेळा कारण अगदी साधे असते: हिशेबनिसाने मालाच्या यादीत ‘Hapus 5 Dozen’ चे नाव बदलून त्यात ‘पेटी’ हा शब्द घातला. टॅली माल आणि खाती नावाने ओळखते, त्यामुळे जुने नाव घेऊन येणारी प्रत्येक ऑर्डर त्या क्षणापासून नाकारली जाते. अशी ओळ शंभरदा पाठवली तरी शंभरदा परत येईल. तिला पुन्हा प्रयत्नाच्या रांगेत ठेवण्यात काहीच हशील नाही. पहिल्याच नकाराला ती `parked` करावी. या बाजूला काढलेल्या यादीला तंत्रज्ञ मंडळी डेड लेटर क्यू म्हणतात.

ही यादी कोण पाहणार, हे आधी ठरलेले नसेल तर तिचा उपयोग नाही. माझ्या अनुभवात ती तंत्रज्ञाकडे न देता हिशेबनिसाकडे द्यावी, कारण दुरुस्ती जवळजवळ नेहमी टॅलीतच करायची असते. त्याला त्या पानावर ऑर्डरीचा क्रमांक, अडलेले काम आणि टॅलीचे मूळ शब्द दिसावेत. ‘काहीतरी बिघडले’ असे गोळाबेरीज वाक्य त्याच्या कामाचे नाही. मालाचे नाव अवतरणचिन्हांत दिसले की तो दोन मिनिटांत दुरुस्त करतो. दुरुस्तीनंतर ‘पुन्हा पाठवा’ हे बटण फक्त त्या ओळीला `pending` करते. झालेल्या कामांना हात लावत नाही. ऑर्डरीच्या आतला क्रम पाळावा, म्हणजे विक्री अडली असताना जमा पाठवू नये. पण एक ऑर्डर अडली म्हणून तिच्या मागच्या ऑर्डरी थांबवू नयेत.

पाठवायचा मजकूर `payload` मध्ये ऑर्डर येतानाच गोठवून ठेवायचा, हेही आंब्याच्या धंद्यात विशेष लक्षात ठेवावे. हापूसचा दर हंगामात सतत हलतो. सोमवारी १,२०० रुपये डझनाने विकलेली पेटी टॅलीत गुरुवारी पोचली आणि प्रोग्रॅमने दर मालाच्या तक्त्यातून त्या वेळी वाचला, तर बिल गुरुवारच्या दराचे होईल आणि बाईंनी भरलेल्या रकमेशी जुळणार नाही. तारखेचेही तसेच. ३१ मेची ऑर्डर २ जूनला पोचली तरी व्हाउचरवर तारीख ३१ मेचीच हवी. नाहीतर विक्री दुसऱ्या महिन्याच्या विवरणपत्रात जाते. मासिक विवरण भरणाऱ्याला जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत द्यायचे असते, त्यामुळे महिना बदलताना बाजूची यादी रिकामी झाली आहे की नाही, हे त्याआधी पाहावेच लागते.

निम्म्यावर तुटलेली ऑर्डर पुढे नेण्याऐवजी झालेल्या नोंदी उलटवून टाकाव्यात, असेही सुचवले जाते. विमानाचे तिकीट आणि हॉटेल यांच्या आरक्षणात ते योग्य असेल, इथे नाही. बाईंचे पैसे आलेले आहेत आणि पेटी गाडीत चढलेली आहे. हिशेबाने जे घडले ते दाखवायचे असते, म्हणून इथली दिशा नेहमी पुढची. खरोखर ऑर्डर रद्द झाली तरी बिल दिले गेले असेल तर विक्रीचे व्हाउचर पोचू द्यावे आणि मागोमाग क्रेडिट नोट पाठवावी; ती तक्त्यात चौथी ओळ होते आणि विक्री `done` होईपर्यंत वाट पाहते. दोन्ही एकमेकांना छेद देतात म्हणून दोन्ही न पाठवणे सोयीचे वाटते खरे, पण मग बिलाच्या मालिकेत एक क्रमांक कायमचा गहाळ राहतो.

इतके करूनही दररोज एक ताळा घ्यावा लागतो, कारण रांग स्वतःबद्दल जे सांगते ते खरे आहे का, हे रांगेला विचारून कळत नाही. पैसे आगाऊ घेणाऱ्या पेढीत पहिली खूण म्हणजे गिऱ्हाइकांच्या खात्यांची बाकी. ती सगळी शून्य असली पाहिजे. एखाद्याकडे येणे दिसले तर जमेची नोंद राहिली आहे किंवा विक्री दोनदा झाली आहे. देणे दिसले तर विक्री राहिली आहे किंवा जमा दोनदा झाली आहे. पण या ताळ्याला एक मोठे छिद्र आहे. संपूर्ण ऑर्डरच दोनदा गेली, म्हणजे विक्रीही दोनदा आणि जमाही दोनदा, तर बाकी बरोबर शून्य येते आणि काहीच दिसत नाही. तसेच संपूर्ण ऑर्डर राहून गेली तरी बाकी शून्यच. म्हणून त्या दिवसाच्या ऑर्डरींची संख्या आणि एकूण रक्कम संकेतस्थळाकडून घ्यावी, त्याच तारखेची विक्री-व्हाउचरांची संख्या आणि रक्कम टॅलीकडून घ्यावी, आणि ती समोरासमोर ठेवावीत. दोन्ही ताळे हवेत. फरक आला तर बिल क्रमांकांच्या दोन याद्या लावून पाहिल्या की नेमकी कोणती ऑर्डर, हे लगेच सापडते.

व्यवस्था खरोखर टिकते का, हे हंगामापूर्वी, फेब्रुवारीतच तपासून घ्यावे. टॅलीत चाचणीची वेगळी कंपनी उघडावी, वरच्यासारखी एक ऑर्डर टाकावी आणि प्रोग्रॅम ठरावीक जागी मुद्दाम बंद पाडावा: एकदा `sent` लिहिल्यावर पण पाठवण्याआधी, एकदा टॅलीने व्हाउचर घेतल्यावर पण उत्तर नोंदवण्याआधी, एकदा विक्री आणि जमा यांच्या मध्ये. प्रत्येक वेळी प्रोग्रॅम पुन्हा चालू करून बाईंचे खाते उघडावे. त्यात विक्रीची एक ओळ, जमेची एक ओळ, साठ्यातून पाच डझन कमी आणि बाकी शून्य, असे तिन्ही वेळा दिसले पाहिजे.